मिश्रणाचे घटक वेगळे करताना : पद्धत कशी निवडावी?

मिश्रणांच्या धड्यावरची अभ्यासपत्रिका तुम्ही नक्कीच सोडवली असेल. डाव्या रकान्यात मिश्रणांची नावे दिलेली असतात आणि उजव्या रकान्यात 'योग्य पद्धत लिहा' असे सांगितलेले असते. बहुतेक विद्यार्थी ही जोडी पाठ करतात. नवसागर आला की संप्लवन, तेल आले की विलगकारी नरसाळे, मद्यार्क आला की ऊर्ध्वपातन. परंतु नवसागर, मीठ आणि वाळू ही तिन्ही एकाच मिश्रणात आली, की पाठ केलेली जोडी उपयोगी पडत नाही. मग काही जण अंदाजाने 'गाळणे' असे लिहून मोकळे होतात.

पद्धत पाठ करण्याची मुळीच गरज नाही. मिश्रण समोर आले, की स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न : या घटकांमध्ये कोणत्या गुणधर्माचा फरक आहे? दुसरा प्रश्न : यांपैकी कोणता घटक आपल्याला हवा आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की पद्धत आपोआप सापडते. पुढील अभ्यासपत्रिका आपण याच रीतीने सोडवू या.

अभ्यासपत्रिका
१. पाणी व त्यात विरघळलेले मीठ
२. पाणी व करडईचे तेल
३. नवसागर व मीठ
४. नवसागर, मीठ व वाळू
५. मद्यार्क व पाणी

हवे काय, टाकायचे काय?

पहिले मिश्रण सोपे वाटते, पण त्याची दोन उत्तरे आहेत. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. मीठ मात्र ८०१ अंशांपर्यंत वितळतसुद्धा नाही. फरक एवढा मोठा आहे, की नुसती उष्णता देऊन काम भागते. पण आपल्याला हवे आहे काय?

धाराशिव जिल्ह्यात भूम तालुक्यातील कुंथलगिरीचा परिसर खव्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे मोठ्या कढईत दूध सतत ढवळत आटवतात. दुधातले पाणी वाफ होऊन हवेत निघून जाते आणि खवा कढईत राहतो. खवा करणाऱ्याला ते पाणी नको असते, म्हणून तो वाफ धरून ठेवत नाही. हे बाष्पीभवन झाले. मिठाच्या पाण्यातून फक्त मीठ हवे असेल, तर हीच रीत योग्य.

आता समजा, शाळेच्या प्रयोगशाळेला शुद्ध पाणी हवे आहे आणि जवळच्या विहिरीचे पाणी क्षारांचे आहे. येथे आपल्याला वाफ हवी आहे, क्षार नकोत. म्हणून वाफ धरून, थंड करून तिचे पुन्हा पाणी करावे लागते. हेच ऊर्ध्वपातन. दोन्ही वेळा मिश्रण एकाच प्रकारचे आणि उष्णताही तीच. फक्त आपली गरज बदलली, म्हणून पद्धत बदलली.

ऊर्ध्वपातनाची मांडणी करताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तापमापीचा फुगा चंबूच्या बाजूच्या नळीसमोर असावा, पाण्यात बुडालेला नसावा. कारण आपल्याला बाहेर जाणाऱ्या वाफेचे तापमान मोजायचे असते. शीतकात थंड पाणी खालच्या टोकाकडून आत सोडावे, म्हणजे शीतकाचे बाहेरचे आवरण पाण्याने पूर्ण भरलेले राहते. तिसरी गोष्ट, चंबूत चिनी मातीचे दोन-चार लहान तुकडे टाकावेत. ते नसले तर पाणी धक्के देत उकळते आणि खारट थेंब उडून थेट शीतकात जातात. असे झाले की नाही, हे कसे ओळखाल? जमा झालेल्या पाण्याचा एक थेंब स्वच्छ काचपट्टीवर ठेवून वाळवा. काचेवर पांढरा डाग राहिला तर मीठ पलीकडे गेले आहे. डाग राहिला नाही तर पाणी चांगले मिळाले आहे.

दोन थर

दुसऱ्या मिश्रणात पाणी आणि करडईचे तेल आहे. हे दोन्ही द्रव एकमेकांत मिसळत नाहीत आणि त्यांची घनता वेगळी आहे. तेल हलके, म्हणून ते वर राहते. येथे उष्णता देण्याचे काहीच कारण नाही. तळाशी तोटी असलेल्या विलगकारी नरसाळ्यात मिश्रण ओतून स्थिर ठेवले, की दोन थर दिसू लागतात. मग तोटी उघडून खालचे पाणी काढून घ्यायचे. सीमारेषा तोटीजवळ आली की तोटी बंद करायची. सीमेवरचा थोडा भाग वेगळ्या भांड्यात काढून टाकायचा आणि उरलेले तेल तिसऱ्या भांड्यात घ्यायचे.

या प्रयोगात एक गंमत नेहमी घडते. तोटी उघडली तरी द्रव खाली येत नाही, किंवा दोन-चार थेंब पडून थांबतो. विद्यार्थी तोटीला दोष देतात. खरे म्हणजे वरचे बूच काढायचे राहिलेले असते. द्रव खाली सरकला की आतल्या हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब द्रवाला अडवून धरतो. म्हणून आधी बूच काढा, मगच तोटी उघडा.

आणखी एक सूचना. 'पाणी नेहमी खाली असते' असे पाठ करू नका. पाण्याबरोबर क्लोरोफॉर्म असेल तर क्लोरोफॉर्म खाली जातो आणि पाणी वर राहते. कोणता थर कोणता याविषयी शंका आली, तर वरून पाण्याचा एक थेंब सोडा. तो ज्या थरात मिसळून जाईल, तो थर पाण्याचा.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. मिश्रणात साबणाचा अंश असेल, किंवा ते फार जोराने हलवले असेल, तर तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत राहतात. मिश्रण दुधासारखे पांढुरके दिसते आणि थर पडत नाहीत. अशा वेळी थोडे मीठ टाकून बराच वेळ स्थिर ठेवल्यास पुष्कळदा थर वेगळे होतात.

पाणी उपयोगी पडत नाही तेव्हा

तिसरे मिश्रण नवसागर व मीठ. दोन्ही पांढरे स्थायू. पाण्यात विरघळवून वेगळे करता येतील काय? साधारण २५ अंश तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. नवसागरही जवळजवळ तेवढाच, ४० ग्रॅमच्या आत विरघळतो. म्हणजे या गुणधर्मात म्हणण्यासारखा फरकच नाही! पाणी घातले तर दोन्ही विरघळतील आणि गाळणकागदातून दोन्ही पार जातील.

मग फरक कशात आहे? तापवल्यावर नवसागर न वितळता सरळ वायुरूप होतो आणि थंड जागी पुन्हा स्थायू होतो. मीठ तसे करत नाही. हे संप्लवन. कापराच्या बाबतीत हाच अनुभव घरोघरी येतो. तुळजापूरहून आणलेली कापराची पुडी उघडी राहिली, तर काही दिवसांत वड्या लहान होतात आणि कोठेही ओलावा दिसत नाही. कापूर वितळला नाही, वायुरूप होऊन निघून गेला.

नवसागर तापतो तेव्हा प्रत्यक्षात त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. थंड भागाशी ते पुन्हा एकत्र येऊन नवसागर बनतो. कापराचे रेणू मात्र जसेच्या तसे वायूत जातात. घटक वेगळे करण्याच्या दृष्टीने परिणाम सारखाच असल्याने शालेय पुस्तकांत दोन्हींना संप्लवनच म्हणतात. पण बाहेर पडलेले हे वायू डोळ्यांना आणि घशाला झोंबतात. म्हणून हा प्रयोग थोड्या पदार्थावर, खिडक्या उघड्या ठेवून आणि शिक्षकांच्या समोरच करावा. कापूर ज्योतीवर पेट घेतो, तेव्हा त्यावर हा प्रयोग करू नये.

तीन घटकांचे मिश्रण : प्रत्यक्ष कृती

आता चौथे मिश्रण घेऊ. समजा, आपण ४ ग्रॅम स्वच्छ कोरडी वाळू, ३ ग्रॅम मीठ आणि २ ग्रॅम नवसागर एकत्र केले. एकूण ९ ग्रॅम झाले. प्रथम फरकांची यादी करू. नवसागराचे संप्लवन होते, बाकी दोघांचे होत नाही. मीठ व नवसागर पाण्यात विरघळतात, वाळू विरघळत नाही. दोन फरक मिळाले, म्हणजे दोन टप्प्यांत काम होईल. पण आधी कोणता टप्पा घ्यावा?

आधी पाणी घातले तर वाळू गाळून वेगळी होईल. पण मीठ व नवसागर दोन्ही द्रावणात राहतील. ते द्रावण आटवून पुन्हा कोरडे मिश्रण करावे लागेल आणि त्यानंतर संप्लवन. हा मार्ग चुकीचा नाही, पण लांबचा आहे. शिवाय ओलावा राहिला तर तापवताना मिश्रण तडतडून उडते. आधी संप्लवन केले तर कोरड्या मिश्रणातून नवसागर निघून जातो. मग पाणी एकदाच घालावे लागते. म्हणून क्रम असा ठरवू : संप्लवन, विरघळवणे, गाळणे, बाष्पीभवन.

पहिला टप्पा. कोरडे मिश्रण बाष्पनपात्रात पसरा. त्यावर बारीक भोके पाडलेला गाळणकागद ठेवा आणि कागदावर काचेचे नरसाळे उपडे घाला. नरसाळ्याच्या नळीत कापसाचा सैल बोळा बसवा. कागदामुळे नरसाळ्यावर जमलेला नवसागर परत खाली पडत नाही. बोळा घट्ट बसवला तर आत दाब वाढतो, म्हणून तो सैलच हवा. आता मंद ज्योतीवर तापवा. पांढरा धूर वर चढेल आणि नरसाळ्याच्या आतल्या बाजूला पांढरा थर धरेल. धूर येणे थांबल्यावर दिवा काढा आणि सर्व थंड होऊ द्या. मगच नरसाळे उचलून थर खरवडून घ्या.

दुसरा टप्पा. उरलेल्या मिश्रणात २० मिलिलिटर पाणी घाला. ३ ग्रॅम मिठाला ९ मिलिलिटरच्या आसपास पाणी पुरते, म्हणून २० मिलिलिटर भरपूर आहे. उगीच २०० मिलिलिटर घातले तर ते आटवण्यात तास जाईल. ढवळून गाळा. गाळणकागदावरची वाळू ५ मिलिलिटर पाण्याने दोन वेळा धुवा आणि ते पाणीही द्रावणातच मिळवा.

तिसरा टप्पा. द्रावण बाष्पनपात्रात आटवा. पाणी संपत आले की ज्योत अगदी मंद करा, नाहीतर मिठाचे कण तडतडून बाहेर उडतात. वाळू मात्र कागदासकट वेगळी वाळवा.

शेवटी तिन्ही घटकांची वजने घ्या. प्रयोगाचा खरा अभ्यास येथे सुरू होतो. समजा, एका गटाला वाळू ४.३ ग्रॅम, मीठ ३.२ ग्रॅम आणि नवसागर १.३ ग्रॅम मिळाला. बेरीज ८.८ ग्रॅम. मूळ ९ ग्रॅमच्या जवळ आहे, म्हणून प्रयोग उत्तम झाला असे म्हणावे काय? नाही. वाळू घातल्यापेक्षा जास्त कशी झाली? ती ओली असेल, किंवा तिच्यात मीठ राहिले असेल. पुन्हा वाळवून वजन करा. वजन उतरले तर ओलावा होता. दोनदा वाळवूनही वजन तेच राहिले, तर थोडी वाळू पाण्यात हलवून ते पाणी गाळा आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे एक-दोन थेंब टाका. पांढरा साका आला तर वाळू नीट धुतलेली नाही. नळाच्या पाण्यानेही साका येतो, तेव्हा या परीक्षेला ऊर्ध्वपातित पाणीच वापरा.

मीठही ०.२ ग्रॅम जास्त आहे. तेही कोरडे असेल, तर त्यात बहुधा नवसागर उरला आहे. म्हणजे पहिल्या टप्प्यात दिवा लवकर काढला. याची परीक्षा सोपी आहे. त्यातले चिमूटभर मीठ परीक्षानळीत घेऊन त्यात थोडा खाण्याचा चुना मिसळा व जरा गरम करा. तोंडाशी ओला तांबडा लिटमस कागद धरा. तो निळा झाला तर अमोनिया बाहेर पडत आहे, अर्थात नवसागर शिल्लक आहे. नवसागर एकूण ०.७ ग्रॅम कमी भरला. त्यातला काही मिठात राहिला आणि काही बोळ्यातून हवेत गेला. तात्पर्य, बेरीज जुळणे म्हणजे घटक शुद्ध मिळणे नव्हे. एकाची घट आणि दुसऱ्याची वाढ एकमेकांना झाकू शकतात.

ऊर्ध्वपातन कोठे अडते?

राहिले पाचवे मिश्रण. मद्यार्क ७८.४ अंशांना उकळतो, पाणी १०० अंशांना. फरक २१-२२ अंशांचाच आहे. म्हणून साध्या ऊर्ध्वपातनात मद्यार्काबरोबर बरीचशी पाण्याची वाफही येते आणि तापमापीचा पारा एका जागी न थांबता हळूहळू चढत राहतो. यावरून ओळखावे की एकच घटक बाहेर येत नाही. त्यासाठी भागशः ऊर्ध्वपातन करतात. उंच मनोऱ्यात वाफ पुन्हा पुन्हा थंड होते आणि पुन्हा उकळते. प्रत्येक खेपेला तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण वाढत जाते.

मराठवाड्यातील साखर कारखाने तुम्ही पाहिले असतील. ज्यांच्या आवारात मद्यार्काचा कारखाना असतो, तेथील उंच मनोरे याच कामासाठी असतात. उसाच्या मळीत यीस्ट मिसळून आंबवल्यावर मिळणाऱ्या द्रवात मद्यार्क थोडाच, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो. मनोऱ्यांतून तो वाढत जातो. मात्र वजनाने ९५.६ टक्क्यांवर गाडी थांबते. मनोरा कितीही उंच केला तरी पुढे जात नाही. या प्रमाणातले मिश्रण ७८.२ अंशांना, म्हणजे शुद्ध मद्यार्कापेक्षाही कमी तापमानाला उकळते, आणि त्याच्या वाफेतही दोन्ही घटकांचे प्रमाण तेच असते. द्रवात आणि वाफेत फरकच उरला नाही, तर ऊर्ध्वपातन काय करणार?

येथे पुन्हा आपला पहिला प्रश्न विचारावा. दुसरा कोणता फरक आहे? पाण्याचा रेणू मद्यार्काच्या रेणूपेक्षा लहान असतो. झिओलाइट नावाच्या पदार्थात ठरावीक मापाची अतिसूक्ष्म छिद्रे असतात. योग्य मापाचा झिओलाइट घेतला तर पाण्याचे रेणू छिद्रांत शिरून अडकतात आणि मद्यार्काचे रेणू बाहेरून निघून जातात. या झिओलाइटला रेणूंची चाळणी म्हणतात. पेट्रोलमध्ये मिसळण्याचा जवळजवळ निर्जल मद्यार्क, म्हणजेच इथेनॉल, अशा चाळणीतून मिळवतात. (मद्यार्काचे ऊर्ध्वपातन घरी कधीही करू नये. त्याची वाफ भडकन पेटते आणि परवान्याशिवाय ते बेकायदाही आहे.)

या चाळणीची एक हकीकत धाराशिव जिल्ह्यातलीच आहे. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णांना ऑक्सिजन अपुरा पडू लागला. तेव्हा कळंब तालुक्यातील चोराखळी येथील धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून हवेतून ऑक्सिजन वेगळा करण्यास सुरुवात केली. साखर कारखान्यातील असा हा देशातील पहिलाच प्रकल्प म्हणून तेव्हा त्याची नोंद झाली.

हवा हेही मिश्रणच आहे. तिच्यात सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. मोठे कारखाने हवा द्रवरूप करून भागशः ऊर्ध्वपातन करतात, कारण नायट्रोजन उणे १९६ अंशांना आणि ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो. पण एवढी थंडी निर्माण करणारी यंत्रे थोड्या दिवसांत उभी राहत नाहीत. झिओलाइटच्या पद्धतीत हवा दाबाने झिओलाइटमधून सोडतात. येथे मात्र रेणूंच्या आकाराचा फरक नसतो. दोन्ही रेणू जवळजवळ सारख्याच मापाचे. झिओलाइटमधील विद्युतभारित कण नायट्रोजनला अधिक ओढून धरतात, म्हणून ऑक्सिजन पुढे जातो. त्यामुळे मद्यार्कासाठी वापरलेला झिओलाइट येथे चालत नाही, वेगळ्या जातीचा घ्यावा लागतो. झिओलाइट नायट्रोजनने भरला की दाब कमी करतात आणि नायट्रोजन सुटून जातो. दोन टाक्या आळीपाळीने चालवल्या, की ऑक्सिजन सतत मिळतो.

या पद्धतीचीही मर्यादा पाहा. हवेत सुमारे एक टक्का आरगॉन असतो. झिओलाइट त्याला ऑक्सिजनपासून ओळखू शकत नाही, त्यामुळे तोही ऑक्सिजनबरोबर येतो. परिणामी अशा ऑक्सिजनची शुद्धता साधारण ९५ टक्क्यांच्या आसपासच अडते. रुग्णाला श्वासासाठी तेवढी पुरते. जेथे याहून शुद्ध ऑक्सिजन लागतो, तेथे मात्र ऊर्ध्वपातनाकडेच वळावे लागते.

सोडवून पाहा

पुढील मिश्रणांसाठी आधी फरक लिहा, मग पद्धती व त्यांचा क्रम लिहा.
(अ) कापूर व नवसागर
(आ) रॉकेल, पाणी व पाण्यात विरघळलेले मीठ. मीठ व पाणी दोन्ही हवे
(इ) मद्यार्कात विरघळलेला कापूर. फक्त कापूर हवा

उत्तरे

(अ) दोन्हींचे संप्लवन होते, म्हणून ती पद्धत निरुपयोगी. नवसागर पाण्यात विरघळतो, कापूर जवळजवळ विरघळत नाही. पाणी घालून गाळा. गाळलेले द्रावण आटवून नवसागर मिळवा. कापूर तापवून वाळवू नका, तो उडून जाईल; गाळणकागदात दाबून टिपा.
(आ) रॉकेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून प्रथम विलगकारी नरसाळे. नंतर खालच्या थराचे ऊर्ध्वपातन करा. पाणीही हवे असल्याने नुसते बाष्पीभवन चालणार नाही. चंबू मात्र पूर्ण कोरडा होईपर्यंत तापवू नका. शेवटचे थोडे द्रावण बाष्पनपात्रात आटवून मीठ घ्या.
(इ) कापूर मद्यार्कात विरघळतो, पाण्यात नाही. भरपूर पाणी घातले की कापूर पांढऱ्या कणांच्या रूपाने बाहेर पडतो. तो गाळून घ्या. येथे तापवण्याची गरजच नाही.